फूटफॉलच्या घसरणीवरील एकपानी टिपण : परिस्थिती, पेच आणि प्रश्न यांच्या मांडणीच्या नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेत, गणपत गल्लीच्या अलीकडच्या बोळात असलेल्या एका तीन मजली कापड दुकानाचे काम आज हाती घेतले. तळमजल्यावर साड्या, पहिल्या मजल्यावर तयार कपडे आणि वरच्या मजल्यावर बस्त्याची गादी अशी दुकानाची रचना आहे. मालक दोघे भाऊ असून शेवटचा शब्द थोरल्यांचा असतो, ज्यांना घरात आणि दुकानात सगळेच अण्णा म्हणतात. मला बोलावले ते त्यांच्या पुतण्याने. दुकानात येणाऱ्यांची संख्या, म्हणजे फूटफॉल, घटत आहे, त्यावर काय करायचे याचा निर्णय अण्णांकडून हवा आहे आणि अण्णा एका पानापेक्षा जास्त वाचत नाहीत, असे त्याचे म्हणणे. तुळशीची लग्ने कालपासून सुरू झाली आहेत, त्यामुळे लग्नसराईची गर्दी लागण्याआधी हे पान त्यांच्यापुढे जायला हवे.

पुतण्याने स्वतः एक कच्चा मसुदा केला होता. टिपणाची सुरुवात परिस्थिती, पेच आणि प्रश्न या तीन पायऱ्यांनी करायची हे त्याला ठाऊक आहे आणि त्याने तसे मथळेही दिले आहेत. परिस्थितीत दुकानाचा आजोबांपासूनचा इतिहास आहे. पेचात ‘सप्टेंबरमध्ये फूटफॉल २५ टक्क्यांनी घटला’ हे वाक्य आणि त्याच्यामागे पार्किंगचा अभाव, ऑनलाइन खरेदी, उपनगरातली नवी दुकाने, विक्रेत्यांची अनास्था अशी पाच-सहा कारणे आहेत. प्रश्न आहे : ‘टिळकवाडीत शाखा काढावी का?’

मसुदा वाचून मला जाणवले ते असे की, हा प्रश्न वरच्या पेचातून निघतच नाही. माणसे २५ टक्क्यांनी कमी झाली हे मान्य केले तरी तिथून शाखेपर्यंत जायला मध्ये चार निष्कर्ष काढावे लागतात आणि ते चारही गृहीत धरलेले आहेत. शाखा हे उत्तर आहे. त्याला प्रश्नचिन्ह जोडल्याने त्याचा प्रश्न होत नाही. अण्णांसारखा अनुभवी माणूस अशा पानाला ‘नाही’ एवढे म्हणून बाजूला सारेल आणि घसरणीचा विषय शाखेच्या विषयाबरोबरच बंद होईल. पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याने ते मनावर घेतले आणि काउंटरचे सगळे आकडे, बिलांची फाइल व बस्त्याची वही माझ्या हवाली केली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज फक्त परिस्थितीच्या परिच्छेदावर काम केले.

परिस्थितीत काय लिहायचे याची माझी कसोटी सोपी आहे : वाचणाऱ्याने प्रत्येक वाक्यावर मान डोलावली पाहिजे. ज्या वाक्यावर तो थांबेल, ‘हे कुणी सांगितले?’ असे विचारेल, ते वाक्य परिस्थितीचे नव्हे. ते एक तर पेचात जाईल किंवा उत्तराच्या आधारात जाईल. आणि ज्या वाक्यावर तो मान डोलावेल, पण ज्याचा पुढच्या पेचाशी संबंध नाही, तेही इथे नको. आजोबांनी दुकान कसे उभे केले हे अण्णांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे आणि फूटफॉलच्या घसरणीला त्याने काही प्रकाश मिळत नाही.

म्हणून दुपारी अण्णांजवळ गल्ल्यापाशी बसून, त्यांना न खटकणाऱ्या गोष्टी कोणत्या ते विचारले. ते म्हणाले, “गिऱ्हाईक कमी झालंय हे सांगायला कागद कशाला पाहिजे? मी इथं बसतोय की, मला दिसतंय. पण गल्ला काही एवढा कमी नाही, तेही खरं आहे.” या दोन वाक्यांत परिस्थितीचा अर्धा परिच्छेद मिळाला. येणारी माणसे कमी आहेत आणि विक्री फारशी कमी नाही, ही दोन्ही विधाने त्यांनी आपणहून, एका श्वासात केली. पुतण्याच्या मसुद्यात दुसरे विधान नव्हतेच. ते नसते तर अण्णांनी पहिल्याच ओळीला गल्ल्याकडे बोट दाखवून टिपण परत केले असते.

तिसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली की, दुकानाचे गिऱ्हाईक तीन बाजूंचे आहे : शहर आणि शहापूर-वडगाव, खानापूरची बाजू, आणि शिनोळीपलीकडचा चंदगड-गडहिंग्लजचा पट्टा. हा शेवटचा पट्टा महाराष्ट्रात असला तरी तिथली पुष्कळ घरे कपडालत्ता आणि लग्नाची खरेदी बेळगावला करत आली आहेत. हेही परिस्थितीत घ्यायचे ठरवले. त्याचा पुढे उपयोग होईल की नाही हे आज सांगता येत नाही. उपयोग झाला नाही तर ते वाक्य काढून टाकीन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

२५ टक्क्यांची तपासणी केली. दारावरच्या माणसे मोजणाऱ्या यंत्राचा आकडा सप्टेंबर २०२४ मध्ये ९,६०० आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ७,२०० आहे, म्हणजे घट अगदी २५ टक्केच येते. गणित बरोबर आहे, पण तुलना बरोबर नाही.

आपल्याकडे कापडाची खरेदी इंग्रजी महिन्याने होत नाही, सणाने होते. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, त्यामुळे गणपतीच्या खरेदीचे शेवटचे आणि सर्वांत गर्दीचे सहा दिवस सप्टेंबरात पडले. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टलाच आली. ती सगळी गर्दी ऑगस्टात आटोपली, आणि सप्टेंबरच्या वाट्याला उरलेला गणेशोत्सव, मग ८ तारखेपासून २१ तारखेपर्यंत पितृपक्ष आणि शेवटी नवरात्राचे नऊ दिवस आले. शिवाय ३ सप्टेंबरला जीएसटीच्या नव्या दरांची घोषणा झाली. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के कर २२ सप्टेंबरपासून लागू होणार असल्याने, हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवर आधी असलेला बारा टक्के कर वाचवण्यासाठी काही गिऱ्हाइकांनी ‘बावीसनंतर येतो’ असे सांगून खरेदी पुढे ढकलल्याचे पहिल्या मजल्यावरचे विक्रेतेही सांगतात. ऑगस्ट २०२५ चा आकडा आदल्या ऑगस्टपेक्षा वाढलेला आहे, ९,४०० वरून ९,९०० झाला आहे, ही बाब मसुद्यात कुठेही नव्हती.

त्यामुळे सणाला धरून दोन खिडक्या आखल्या. पहिली, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंतचे ३० दिवस : २०२४ मध्ये ८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, २०२५ मध्ये २८ जुलै ते २६ ऑगस्ट. दुसरी, घटस्थापनेपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत : २०२४ मध्ये ३ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २२ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर. ही दुसरी खिडकीही दोन्ही वर्षी नेमकी ३० दिवसांची भरते. चारही खिडक्यांत रविवार चारच येतात हे पंचांगात मोजून पाहिले, कारण एखादा रविवार जास्त पडला तरी आकडा हलतो.

गणपतीच्या खिडकीत ११,००० वरून १०,१२०, म्हणजे आठ टक्के घट. दसरा-दिवाळीच्या खिडकीत १४,००० वरून १२,७४०, म्हणजे नऊ टक्के घट. दोन वेगळ्या सणांत घट जवळपास सारखी आली, यावरून ती एखाद्या वाईट पंधरवड्याची नसून वर्षभर मुरलेली आहे असे म्हणता येते. २५ टक्क्यांपेक्षा हा आकडा लहान आहे, पण टिपणासाठी अधिक भक्कम आहे. पेचात मोठा आकडा घातला की तो खोडून काढण्यातच बैठक संपते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी दाराशी उभे राहून यंत्राचा आकडा आणि प्रत्यक्ष येणारी माणसे ताडून पाहिली. हे यंत्र चौकटीत बसवलेल्या दोन किरणांवर चालते. कोणता किरण आधी तुटला यावरून आत जाणारा आणि बाहेर पडणारा वेगळा मोजला जातो, म्हणून बेरीज निम्मी करण्याची गरज पडत नाही. मात्र समोरच्या गोदामातून गठ्ठे आणणारा नोकर आणि चहाची किटली घेऊन येणारा मुलगा हेही त्याच्या लेखी गिऱ्हाईकच असतात. ही भर दोन्ही वर्षी सारखीच आहे, कारण गोदामही तेच आणि नोकरही जवळपास तितकेच. त्यामुळे घटीच्या टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. शंभर माणसांमागे बिले किती झाली हे प्रमाण मात्र खऱ्यापेक्षा थोडे कमी दिसते, एवढे ध्यानात ठेवायचे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दारातच दिसली. एका जीपमधून सहा माणसे उतरली. आजी पायरीजवळच्या बाकावरच टेकल्या, एक पुरुष गाडी लावायला निघून गेला आणि चौघे आत आले. त्यांत दोन मुले होती. अर्ध्या तासाने गाडी लावून आलेला पुरुष आत गेला. यंत्राने पाच मोजले, बिल एकच झाले. यंत्र माणसे मोजते, दुकान घरांशी व्यवहार करते. घरटी पाचांऐवजी चौघे यायला लागले, तर एकही घर न गमावता फूटफॉल वीस टक्क्यांनी पडेल. तेव्हा ‘माणसे कमी आली’ हा पेचच होऊ शकत नाही, जोवर ‘घरे कमी आली का’ हे तपासलेले नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

बिले पाहिली. दसरा-दिवाळीच्या खिडकीत २०२४ मध्ये ५,६०० आणि २०२५ मध्ये ५,३५० बिले झाली; घट साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माणसांच्या घटीच्या निम्मी. सरासरी बिल २,१०० वरून २,१५० रुपयांवर गेले, त्यामुळे खिडकीतली विक्री सुमारे एक कोटी साडेसतरा लाखांवरून एक कोटी १५ लाखांवर आली. गल्ला फारसा कमी नाही हे अण्णांचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरते.

इथे पुतण्या थोडा खचला. विक्री दोनच टक्क्यांनी घटली असेल तर अण्णांना दाखवायचे तरी काय, असे त्याला वाटले. त्याला म्हटले की, पेच शोधण्याचे काम खरे इथून सुरू होते. एकूण आकडा जवळजवळ स्थिर असणे याचे दोन अर्थ होतात : एक तर कुठेच काही हललेले नाही, किंवा एका कोपऱ्यात बरेच काही कोसळले असून दुसऱ्या कोपऱ्यातल्या वाढीने ते झाकले आहे. कोणता अर्थ खरा हे एकूण आकडा कधीच सांगत नाही. तो फोडावा लागतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बिले गावाप्रमाणे फोडली. या दुकानात बिलावर मोबाइल क्रमांकाबरोबर गाव लिहून घेण्याची जुनी पद्धत आहे, ती आज कामी आली.

चंदगड-गडहिंग्लज बाजूची बिले दसरा-दिवाळीत १,१२० वरून ८३० वर आली आहेत. २९० बिले, म्हणजे त्या बाजूपुरती पाहिली तर चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्तच. बाकी सगळीकडची मिळून ४० बिले वाढली आहेत. घट सर्वत्र विखुरलेली नाही; ती एका रस्त्यावर आहे.

हे पाहून लगेच खूश होणे बरे नव्हे, कारण गाव न लिहिलेली बिले यंदा वाढली असतील तर हीच आकृती खोटी उमटेल. म्हणून कोऱ्या गावाची बिले वेगळी काढली : मागच्या वर्षी ३१० आणि यंदा ३३०. वीसचा फरक २९० ची घट भरून काढू शकत नाही. गावांची नावे वेगवेगळ्या प्रकारे लिहिली गेली होती, ‘कोवाड’ आणि ‘कोवाडे’ यांसारखी, तीही एकत्र केली.

परिस्थितीतले तीन बाजूंचे वाक्य आता राहणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज दिवसभर कारणांची चर्चा झाली आणि ती टिपणाच्या बाहेर ठेवायचा निर्णय घेतला. दुकानातला प्रत्येक जण कारण सांगतो, आणि प्रत्येकाचे कारण ऐकण्याजोगे आहे, पण पेचाच्या परिच्छेदात कारण घुसले की प्रश्नाचे तोंड त्या कारणाकडेच वळते. ‘पार्किंग नसल्यामुळे गिऱ्हाईक घटले’ असे लिहिल्यावर पुढचा प्रश्न पार्किंगचाच होणार.

तरीही एक चाळणी इथेच लावता येते. दोन्ही वर्षांच्या खिडक्यांत जे सारखेच होते, ते या घटीचे कारण असू शकत नाही. एक विक्रेता म्हणाला की, कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली आणि महाराष्ट्रातल्या बायकांना नाही, म्हणून पलीकडचे गिऱ्हाईक तुटले. पण कर्नाटकातील शक्ती योजना जून २०२३ पासून आणि महाराष्ट्रातील एसटीत महिलांना अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून आहे. दोन्ही गोष्टी २०२४ च्या दिवाळीतही होत्या. पार्किंगची अडचणही मागच्या वर्षी एवढीच होती. याउलट एसटीची भाडेवाढ जानेवारी २०२५ मध्ये, दोन वर्षांच्या खिडक्यांच्या मध्ये झाली, त्यामुळे ती चाळणीतून निसटत नाही. तपासायच्या यादीत राहते. सीमेवर तणाव झाला की आंतरराज्य बस काही दिवस थांबतात, तसे फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले होते, तेही यादीत आहे. गडहिंग्लजकडे या वर्षात नवी मोठी दुकाने झाली का, आणि मोबाइलवरून मागवणे त्या गावांत वाढले का, हे त्या घरांनाच विचारावे लागेल. ही यादी टिपणाच्या पाठीमागे माझ्याकडे राहील. पानावर येणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बस्त्याची वही आज नीट वाचली, आणि पेच सापडला तो इथे.

वही लांबट, लाल कापडी बांधणीची आहे. प्रत्येक बस्त्याला एक पान : वर नवरा-नवरीकडच्या मंडळींचे गाव, खाली शालू, मानाच्या साड्या, आहेराची लुगडी, धोतरे, टॉवेल-टोप्या, आणि कोपऱ्यात अण्णांच्या अक्षरात एकूण रक्कम. मागच्या लग्नसराईत, म्हणजे २०२४ च्या तुळशीच्या लग्नांपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, वहीत ६४ बस्ते आहेत. त्यांपैकी २७ बस्ते चंदगड-गडहिंग्लज बाजूचे आहेत.

दिवाळीच्या बिलांत ज्या पट्ट्याचा वाटा पाचवा हिस्सा होता, त्याचा बस्त्यांतला वाटा शंभरात बेचाळीस आहे. शहरातले घर वर्षभर अधूनमधून येते, बस्ता मात्र चार दुकाने फिरून ठरवते. लांबून जीप करून आलेले घर ठरलेल्या दुकानात बसते आणि संध्याकाळपर्यंत सगळे उरकूनच उठते. आणि ते ठरलेले दुकान कोणते, हे बहुतेक वेळा आदल्या सणांच्या खरेदीत पक्के झालेले असते. दिवाळीला जे घर आले नाही, ते बस्त्याला येईलच असे धरून चालता येत नाही.

म्हणजे आज गल्ल्यात दोन टक्के दिसणारी घट ही खरी अडचण नाही. जी घरे गळाली आहेत तीच लग्नसराईचा मोठा भाग आणतात, आणि त्याचा परिणाम गल्ल्यात अजून उमटलेला नाही, तो आता उमटायच्या बेतात आहे. अण्णांना दिसते ते आणि अण्णांना अजून दिसलेले नाही ते यांच्यातली फट म्हणजे या टिपणाचा पेच. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पेच म्हणून लिहिली तर तो पान उलटतो. ठाऊक असलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांचा न जाणवलेला अर्थ दाखवला तर तो पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो.

एक मर्यादा इथे लिहून ठेवतो. दिवाळीला न आलेली घरे आणि मागच्या वर्षी बस्ता बांधलेली घरे ही तीच आहेत असे वहीवरून सिद्ध होत नाही, कारण वहीत मोबाइल क्रमांक सगळीकडे नाहीत. पट्टा तोच आहे एवढेच म्हणता येते. टिपणातही तेवढेच म्हणायचे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रश्नाची शब्दरचना आज ठरवली. पुतण्याने पेच वाचून लगेच लिहिले : ‘चंदगड-गडहिंग्लज बाजूला जाहिरात कुठे करावी?’ शाखेचा प्रश्न गेला आणि त्याच्या जागी जाहिरात आली. साचा तोच राहिला. मी त्याला उलट वाचायला सांगितले. या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी ‘जाहिरात करू नये, दुसरेच काही करावे’ हे उत्तर त्यात बसते का? बसत नसेल तर प्रश्न अजून अरुंद आहे.

दुसऱ्या टोकाला ‘गिऱ्हाईक कसे वाढवावे?’ हा प्रश्न आहे. त्यात सगळीच उत्तरे बसतात, म्हणून त्याने काहीच ठरत नाही. शहरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी टी-शर्टचा विभाग काढणे हेही त्याचे योग्य उत्तर ठरेल, पण आपल्या पेचाला त्याचा काही उपयोग नाही.

मधला प्रश्न असा हवा की त्यात कोण, कशासाठी आणि कधीपर्यंत हे बांधलेले असेल, आणि कसे हे मोकळे असेल. कोण हे बिलांनी सांगितले. कशासाठी हे बस्त्याच्या वहीने सांगितले. कधीपर्यंत हे पंचांग सांगते : २०२६ मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आणि अधिक महिन्यात आपल्याकडे लग्ने धरत नाहीत, त्यामुळे या हंगामाची मुख्य खरेदी मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपलेली असेल. नेहमीसारखे जूनपर्यंत पाहू म्हणून चालणार नाही.

प्रश्नात ‘का’ घ्यावे की ‘काय करावे’, यावरही बोलणे झाले. गिऱ्हाईक का घटले हा अभ्यासाचा प्रश्न आहे, अण्णांनी निर्णय घ्यावा असा नाही. ‘का’चे उत्तर शोधणे आमचे काम आहे आणि ते उत्तराच्या पोटात येईल. पानावर अण्णांना ज्याचा निर्णय करता येतो तोच प्रश्न जाईल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पानाचा वरचा भाग पक्का झाला. मजकूर असा :

> परिस्थिती : आपल्या दुकानाचे गिऱ्हाईक शहर, खानापूरची बाजू आणि चंदगड-गडहिंग्लज पट्टा या तीन बाजूंचे आहे. यंदाच्या गणपतीत आणि दसरा-दिवाळीत दुकानात येणारी माणसे मागच्या वर्षापेक्षा आठ ते नऊ टक्क्यांनी कमी होती. विक्री मात्र दिवाळीत दोनच टक्क्यांनी घटली.
>
> पेच : ही घट सगळीकडची नाही. शहर आणि खानापूर धरून इतर बिले किंचित वाढली आहेत. चंदगड-गडहिंग्लज बाजूची बिले मात्र १,१२० वरून ८३० वर आली आहेत. मागच्या लग्नसराईत आपल्या ६४ बस्त्यांपैकी २७ याच बाजूचे होते. दिवाळीत दिसलेली गळती बस्त्यांतही तशीच राहिली, तर तिचा फटका या हंगामात प्रथमच गल्ल्यावर दिसेल.
>
> प्रश्न : चंदगड-गडहिंग्लज बाजूची घरे या हंगामाच्या बस्त्यासाठी, १७ मेला अधिक महिना लागण्यापूर्वी, पुन्हा आपल्या दुकानात यावीत म्हणून काय करावे?

पेचाच्या शेवटच्या वाक्यात ‘तर’ मुद्दाम ठेवला आहे. बस्त्यांचे नुकसान अजून झालेले नाही आणि झाले असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.

संध्याकाळी दुकान थोडे मोकळे झाल्यावर अण्णांनी पान वाचले. परिस्थितीवर थांबले नाहीत. पेचात २७ च्या आकड्यापाशी थांबले, वही मागवली आणि बोटाने गावे मोजत गेले. नेसरीकडच्या एका घराचे नाव पाहून म्हणाले, “यांच्या धाकट्याचं यंदा ठरलंय म्हणून कानावर आलंय. दिवाळीला ही माणसं आली नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही बघा.” मग पुतण्याकडे पाहून त्यांनी विचारले, “यांना बोलावलंस काय?” प्रश्न पानावर होता, पण तो त्यांनी स्वतःच्या तोंडून विचारला.

त्यांनी एक बदल सुचवला आणि तो योग्य आहे : ‘घरे’ म्हणजे कोणती हे निश्चित करावे, नाहीतर कोणीतरी सगळ्या तालुक्यात पत्रके वाटत सुटेल. त्याप्रमाणे प्रश्नात ‘ज्या घरांनी २०२४ च्या दिवाळीत आपल्याकडे खरेदी केली आणि यंदा केली नाही, ती घरे’ अशी दुरुस्ती केली. वाक्य लांबले, पण आता त्या प्रश्नाला नावांची यादी आहे, आणि हंगाम संपल्यावर उत्तर लागू पडले की नाही हे त्या यादीवरूनच मोजता येईल.

उत्तराची जागा पानाच्या खालच्या अर्ध्यात कोरी ठेवली आहे. उद्या बिलांच्या फाइलीतून मागच्या वर्षीचे आणि यंदा न दिसणारे मोबाइल क्रमांक काढायचे, त्यांपैकी तीस घरांना अण्णांच्या नावाने फोन करायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या : यंदा दिवाळीची खरेदी कुठे केली, आणि घरात या हंगामात लग्न आहे का. फोन अण्णांच्या घरातल्या वहिनी करतील, कारण त्या बाजूच्या निम्म्या घरांतल्या बायका त्यांना नावाने ओळखतात.